तिकिटाचा फोटो आला म्हणजे तिकीट आले असे नाही

(धानोरा येथे बचत गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला तुमच्याशी एका कागदाबद्दल बोलायचे आहे. खरे तर कागदही नाही, कागदाच्या फोटोबद्दल. आपल्याला रेल्वे जवळची म्हणजे वडसा. लांबच्या गाडीसाठी बल्लारशा गाठायचे, नाहीतर एसटीने नागपूर. म्हणून आपल्यापैकी फार थोड्या बायांनी रेल्वेच्या खिडकीवर उभे राहून स्वतःचे तिकीट स्वतः काढले आहे. तिकीट दुसराच कोणीतरी काढतो. तो भाऊ असतो, शेजारचा मुलगा असतो, मोबाइलच्या दुकानातला असतो, किंवा कामाला नेणारा एजंट असतो. आपल्या हातात येतो तो मोबाइलवरचा फोटो. फोटोत बारीक इंग्रजी अक्षरे आणि आकडे असतात. पाठवणारा सांगतो, "झालं तुमचं तिकीट." आपण मान डोलावतो आणि पिशवी भरायला घेतो.

दोन वर्षे आम्ही अशी तिकिटे बायांबरोबर बसून वाचतो आहोत. त्यातले एकच आज तुमच्यासमोर उलगडते. या एका तिकिटात कळण्यासारखे बहुतेक सगळे आले होते. नावे सांगणार नाही.

२०२४ च्या जूनमधली गोष्ट. तेंदूपत्त्याचा हंगाम संपला होता, मजुरीचे पैसे हातात आले होते. आपल्या तालुक्यातल्या तिघी जणी मुंबईला निघाल्या होत्या. एकीचे वय ४६, तिच्याबरोबर १९ आणि २० वर्षांच्या दोन मुली. घरी राहून आजारी माणसे सांभाळायचे काम मिळवून देतो असे एका एजंटाने सांगितले होते. तिकिटाचे म्हणून त्याने प्रत्येकीकडून एक हजार रुपये रोख घेतले आणि एक फोटो पाठवला. तो फोटो तिघींच्या घरी दहा दिवस तसाच होता. सगळ्यांना वाटत होते, तिकीट पक्के आहे.

आता तो फोटो वाचू. वरच्या भागात गाडीचा नंबर १२१४०, सेवाग्राम एक्स्प्रेस. NGP ते CSMT, म्हणजे नागपूर ते मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. गाडी रात्रीची. हिशेबासाठी आपण नऊची धरू. त्याच्या बाजूला क्लास लिहिलेला होता SL. हा स्लीपर, झोपायचा साधा डबा, एसी नसलेला. 3A लिहिले असते तर तीन थरांचा एसी डबा. 2S म्हणजे फक्त बसायचा. एजंट एसीचे पैसे घेतो आणि तिकीट SL चे काढतो, असेही घडते. म्हणून पैसे देताना कोणता क्लास सांगितला होता ते आठवायचे आणि फोटोतल्या अक्षरांशी ताडून पाहायचे.

क्लासजवळच कोटा असतो. कोटा म्हणजे गाडीतल्या जागांची वाटणी. या तिकिटावर GN होते, जनरल, सर्वांसाठीचा. TQ दिसले तर ते तत्काळ. ते महाग असते, आणि एकदा कन्फर्म झालेले तत्काळ तिकीट आपण होऊन रद्द केले तर पैसे परत मिळत नाहीत. बायांना माहीत असायला हवेत असे आणखी दोन कोटे आहेत. LD हा लेडीज कोटा. लांब पल्ल्याच्या मेल-एक्स्प्रेस गाड्यांच्या स्लीपरमध्ये सहा जागा बायांसाठी राखलेल्या असतात, वयाची अट नाही, बाई एकटी असो की बायांचा गट असो. दुसरा SS. त्यातून खालची बर्थ मिळते. साठीच्या पुढच्या पुरुषांप्रमाणे तो ४५ वर्षांच्या पुढच्या बाईसाठीही आहे, गरोदर बाईसाठीही आहे. मात्र अशी बाई एकटी किंवा तशा दोघीच प्रवास करत असायला हव्यात.

मग तीन बायांच्या तिकिटावर GN का? LD का नाही? उत्तर त्याच फोटोत होते, प्रवाशांच्या यादीत. यादी वाचताना आपण आपले नाव शोधतो, ते सापडले की पुढे जातो. यादी पूर्ण वाचायची. तिथे तीन नव्हे, चार प्रवासी होते. पहिले नाव एका पुरुषाचे, वय ३८, लिंगाच्या जागी M. हा एजंटाचा माणूस, तिघींना नेणारा. तो बरोबर येणार हे घरच्यांना कोणी सांगितलेच नव्हते. एका तिकिटावर पुरुष आला की त्या तिकिटाला लेडीज कोटा मिळत नाही. म्हणजे एका माणसाला सोबत घातल्यामुळे तिघींची बायांच्या जागांवर बसण्याची संधी गेली होती. सहा महिन्यांनी नव्हे, तिकीट आले त्याच दिवशी हे वाचता आले असते.

आता सगळ्यात महत्त्वाचा रकाना. नावासमोर दोन गोष्टी लिहिलेल्या असतात. एक, तिकीट काढले तेव्हाची स्थिती. दुसरी, फोटो काढला किंवा स्लिप छापली तेव्हाची स्थिती. या तिकिटावर चौघांसमोर WL होते, ३१ ते ३४. WL म्हणजे वेटिंग लिस्ट, रांग. तिकीट आहे पण जागा नाही. कन्फर्म झालेल्या तिकिटावर CNF असते आणि पुढे डबा, जागेचा नंबर आणि बर्थ येते. या दोहोंच्या मध्ये RAC असते. त्यात गाडीत बसता येते, पण बाजूची एक खालची बर्थ दोघांत वाटून घ्यावी लागते.

WL च्या आधीची अक्षरेही बघायची. GNWL असेल तर रांग मुख्य, ती पुढे सरकण्याची शक्यता जास्त. RLWL किंवा PQWL असेल तर रांग मधल्या स्टेशनांसाठीची असते. बल्लारशाहून केरळ एक्स्प्रेससारख्या दिल्लीहून येणाऱ्या गाडीत आपण मध्येच चढतो, तेव्हा अशी रांग मिळू शकते. त्या रांगेला जागा थोड्या असतात, म्हणून दहावा नंबरही अनेकदा तसाच राहतो. "दहावाच आहे, होऊन जाईल," असे कोणी म्हटले तर आधी विचारायचे, दहावा कोणत्या रांगेत?

फोटो एकदा काढला की बदलत नाही, रांग मात्र रोज सरकत असते. म्हणून दहा दिवसांपूर्वीच्या फोटोवरून आजची स्थिती कळत नाही. त्यासाठी वरचा दहा आकडी PNR नंबर लागतो. १३९ ला फोन लावून तो सांगता येतो, किंवा मोबाइलवरून १३९ ला मेसेज पाठवायचा: PNR लिहून जागा सोडायची आणि पुढे दहा आकडे. उलट मेसेज येतो, आज कोणता प्रवासी कुठे आहे ते. त्यात नावे येत नाहीत, पण प्रवासी किती ते कळते. फोटोत चार आणि मेसेजमध्ये दोनच, किंवा तारीख वेगळी, गाडी वेगळी, असे आले तर फोटोतच गडबड आहे असे समजायचे.

आता तिघींच्या प्रवासाच्या दिवसावर येते. शेवटी जागा कोणाला मिळाली हे तक्ता लागल्यावर ठरते. त्याला चार्ट म्हणतात. २०२४ मध्ये तो गाडी सुटण्याच्या साधारण चार तास आधी लागायचा. २०२५ पासून तो बराच आधी लावायला सुरुवात झाली आहे. पण तेव्हा नऊच्या गाडीचा चार्ट संध्याकाळी पाचच्या सुमाराला लागायचा. आणि धानोऱ्याहून नागपूरला जायचे तर सकाळीच एसटीत बसावे लागते. म्हणजे जागा आहे की नाही हे कळण्याआधीच घर सोडायचे. शहरातली बाई घरी बसून चार्टची वाट पाहते. आपली बाई तोपर्यंत नागपूरच्या एसटी स्टँडवर पिशवी धरून बसलेली असते.

पाचनंतर मोठ्या बाईने मला फोन केला. आम्ही त्यांना १३९ चा मेसेज करायला सांगितला. उत्तर आले ते असे. पहिला प्रवासी, म्हणजे तो पुरुष: CNF/S5/23/SL. दुसरी, ४६ वर्षांची बाई: RAC. दोन्ही मुली: WL, अनुक्रमे पहिला आणि दुसरा नंबर.

इथे एक घोटाळा सगळ्यांचा होतो, तो सांगून ठेवते. वर क्लासच्या जागी SL होते, तेव्हा त्याचा अर्थ स्लीपर. इथे शेवटी SL आहे, त्याचा अर्थ साइड लोअर, बाजूची खालची बर्थ. तीच अक्षरे, जागा बदलली की अर्थ बदलतो. LB खालची, MB मधली, UB वरची, SU बाजूची वरची. अक्षरे पुसट असतील तर आकड्यावरूनही कळते. स्लीपर डब्यात जागा आठ-आठच्या गटात असतात. नंबराला आठाने भागायचे. बाकी १ किंवा ४ उरली तर खालची, २ किंवा ५ तर मधली, ३ किंवा ६ तर वरची, ७ तर बाजूची खालची, आणि काहीच उरले नाही तर बाजूची वरची. २३ मधून दोन वेळा आठ गेले, ७ उरले. म्हणजे बाजूची खालची. बरोबर जुळते.

आता या ओळी जोडून वाचा. रात्रभराचा प्रवास. आख्खी बर्थ फक्त नेणाऱ्या माणसाला. मोठ्या बाईला अर्धी बर्थ, ती दुसरीकडे, अनोळखी माणसाबरोबर. दोन तरुण मुलींना जागाच नाही. एजंटाचा माणूस म्हणाला, "माझ्या बर्थवर बसतील ना दोघी, ॲडजस्ट करू." ज्या माणसाला त्या त्या दिवशी पहिल्यांदा भेटत होत्या, त्याच्या बर्थवर रात्र काढायची, असा त्याचा अर्थ होता.

त्या तिघींनी ठरवले की आज जायचे नाही. मग पैशाचा प्रश्न आला. एजंट म्हणाला, वेटिंगच्या तिकिटाचे पैसे बुडतात. हे खोटे होते. मोबाइलवरून काढलेल्या तिकिटावर सगळेच प्रवासी वेटिंगवर राहिले, तर चार्ट लागल्यावर ते तिकीट आपोआप रद्द होते आणि पैसे परत जातात. त्या तिकिटावर गाडीत चढायचे नसते, चढले तर विनातिकीट धरतात. पण आपल्या तिकिटावर एक कन्फर्म, एक आरएसी आणि दोघी वेटिंग, असे मिसळलेले होते. मिसळलेले तिकीट आपोआप रद्द होत नाही. गप्प बसलो तर पैसे खरेच जातात.

अशा तिकिटासाठी वेगळा नियम आहे. २०१५ च्या परताव्याच्या नियमांत तो होता आणि त्या दिवशी तोच लागू होता. तिकिटावर काही कन्फर्म आणि काही वेटिंग किंवा आरएसी असतील, तर गाडी सुटण्याच्या तीस मिनिटे आधीपर्यंत सर्वांचे मिळून रद्द करायचे. मग कन्फर्म असलेल्याचेही जवळजवळ पूर्ण पैसे मिळतात. चार्ट लागून गेला असेल तर ऑनलाइन टीडीआर भरायचा. टीडीआर म्हणजे प्रवास न केल्याचा दावा. त्यात दर माणशी फक्त ६० रुपये कापले जायचे. हिशेब सोपा व्हावा म्हणून भाडे माणशी ५०० धरू. चौघांचे २०००. कापले २४०. परत १७६०, म्हणजे माणशी ४४०. आणि फक्त त्या कन्फर्म माणसाने एकट्याने चार तासांच्या आत रद्द केले असते तर त्याला काहीच मिळाले नसते. सगळ्यांनी मिळून रद्द करण्यात त्याचाही फायदाच होता. पण वेळ साडेआठपर्यंतच होती. कन्फर्म तिकीट रद्द करण्याच्या मुदती आणि कपातीचे दर रेल्वे मधूनमधून बदलते, म्हणून प्रत्येक वेळी त्या दिवशीचा नियम १३९ वर विचारून घ्यायचा.

एजंटाचा माणूस आधी तयार नव्हता. त्याला तिघींना घेऊनच जायचे होते. मोठ्या बाईने त्याला शांतपणे विचारले, "भाऊ, तिकीट कोणाच्या आयडीवरून काढलंत?" हा प्रश्न आम्हीच तिला फोनवर सांगितला होता. अधिकृत एजंटाच्या तिकिटावर त्याचे नाव-पत्ता छापलेला असतो. या फोटोत तो नव्हता. स्वतःच्या खासगी आयडीवरून तिकिटे काढून ती विकणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४३ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. PNR नंबर तिच्याकडे होता, रेल्वे पोलिसांची चौकी समोर होती. आठच्या आधी त्याने टीडीआर भरला.

पैसे त्यांच्या हातात आले का? लगेच नाही. हा मुद्दा नीट ऐका, कारण बाया इथेच बुडतात. रेल्वे पैसे परत करते ते ज्या खात्यातून भरले त्याच खात्यात. तुम्ही रोख दिलेत, त्याने आपल्या खात्यातून भरले, तर परतावा त्याच्या खात्यात. पैसे तुमचे आहेत हे रेल्वेला माहीतच नसते. अधिकृत एजंटाच्या बाबतीत २०१९ च्या ऑक्टोबरपासून एक सोय आहे. तिकीट रद्द झाले की प्रवाशाने दिलेल्या मोबाइल नंबरवर एक ओटीपी येतो आणि किती पैसे परत आले तेही येते. पैसे हातात पडल्यावर मग तो ओटीपी एजंटाला सांगायचा. पण या फोटोत प्रवाशाचा मोबाइल म्हणून जो नंबर होता तो एजंटाचाच होता. तो अधिकृत असता तरी ओटीपी त्यालाच गेला असता. म्हणून तिकीट काढायला देताना पहिली अट हीच, की नंबर माझा टाक. स्वतःचा नसेल तर घरातल्या बाईचा, गटातल्या बाईचा.

तिघींना प्रत्येकी ४४० रुपये बऱ्याच दिवसांनी मिळाले, तेही आमच्या दोघी कार्यकर्त्या बरोबर गेल्या तेव्हा. उरलेले ५६० त्याने "मेहनतीचे" म्हणून ठेवून घेतले. ते आजतागायत आले नाहीत.

मोबाइलवरच्या तिकिटावर Electronic Reservation Slip असे छापलेले असते. ते मोबाइलवर दाखवून आणि मूळ ओळखपत्र बरोबर ठेवून प्रवास करता येतो. खिडकीवरच्या तिकिटाचा फोटो असेल तर मात्र त्या फोटोवर प्रवास करता येत नाही. तिथे मूळ कागदच लागतो, आणि रद्द केल्यावर पैसेही मूळ कागद दाखवणाऱ्यालाच मिळतात. कागद ठेकेदाराच्या खिशात असेल तर जाणे, थांबणे आणि परत येणे, तिन्ही त्याच्या खिशात.

एक कायदा आणखी सांगते. समजा फसवणूक झाली, बाई गाडीत बसली आणि तिकीट चालत नाही असे टीसीने सांगितले. दंड भरावा लागेल, ते टळत नाही. पण रेल्वे कायद्याच्या कलम १३९ प्रमाणे पुरुषाची सोबत नसलेल्या बाईला वाटेल तिथे उतरवता येत नाही. ती जिथून बसली ते स्टेशन, जंक्शन, शेवटचे स्टेशन किंवा जिल्ह्याच्या ठिकाणचे स्टेशन, एवढ्याच ठिकाणी, आणि तेही फक्त दिवसा. रात्री एखाद्या आडस्टेशनवर उतर म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही. चौकशीचा १३९ आणि हे कलमही १३९, म्हणून लक्षात ठेवायला सोपे. मात्र हे संरक्षण पुरुषाची सोबत नसलेल्या बाईला आहे, हेही ध्यानात असू द्या.

त्या दोन मुली पुढे ऑगस्टमध्ये मुंबईला गेल्या, दुसऱ्या कामावर. तिकीट त्यांनी वडशाच्या खिडकीवरून LD कोट्यात काढले, जातानाचे आणि येतानाचेही. अर्जावर नंबर स्वतःचा लिहिला. मूळ कागद त्यांच्याच पिशवीत होता.

आता तुमच्यापैकी ज्यांच्या मोबाइलमध्ये असे फोटो असतील त्यांनी ते काढा. चार-चार जणींचे गट करून बसू. आधी यादीत किती माणसे आहेत ते मोजू, मग नावासमोरची अक्षरे, मग मोबाइल नंबर कोणाचा ते पाहू. आणि शेवटी प्रत्येकीने आपापल्या हाताने १३९ ला मेसेज करायचा.